गुठळी आधी की झटका आधी?

२४ मार्च १८४४. कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये त्या संध्याकाळी नाटक होतं. डेन्मार्कचा सर्वांत नावाजलेला शिल्पकार बेर्टेल थोर्वाल्सन येऊन आपल्या खुर्चीत बसला. वय ७३. पडदा अजून उघडायचा होता आणि वाद्यवृंदाचं सुरुवातीचं वादन चाललं होतं. तेवढ्यात म्हातारा खुर्चीतच कलला. लोकांनी त्याला उचलून बाहेर नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

एवढ्या मोठ्या माणसाचं शवविच्छेदन झालं आणि त्याचा अहवालही जपला गेला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीच्या भिंतीत चरबीचे अनेक थर होते, असं त्यात नोंदलेलं आहे. त्यांपैकी एक थर स्पष्टपणे फुटलेला होता आणि त्याच्या आतला लगदा धमनीच्या पोकळीत सांडला होता. पाहणाऱ्यांनी दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. त्या फुटण्याचा मृत्यूशी नेमका संबंध काय, हे सांगण्याइतकं ज्ञान तेव्हा कुणाकडेच नव्हतं. ते यायला जवळपास दीडशे वर्षं लागली. मधल्या काळात एकदा तर वैद्यकाने बरोबर उत्तर हातात धरून पुन्हा टाकून दिलं.

या थराला आपल्याकडचे डॉक्टर 'प्लाक' म्हणतात आणि लोक 'ब्लॉकेज'. दोन्ही शब्दांनी थोडी फसगत होते, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाइपात आतून साचलेला गाळ येतो. प्लाक धमनीच्या पोकळीत साचत नाही, तो तिच्या भिंतीच्या आत वाढतो. मध्यभागी कोलेस्टेरॉल, मेलेल्या पेशी आणि त्यांचा कचरा यांचा मऊ लगदा असतो. यासाठीचा जुना वैद्यकीय शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ पेज किंवा आंबील असा आहे, आणि चिरून पाहिल्यावर ते तसंच दिसतं. या पेजेवर, रक्ताच्या बाजूने, चिवट तंतूंचा एक पापुद्रा असतो. वाहतं रक्त आणि आतली पेज यांच्यामध्ये एवढीच काय ती भिंत. थोर्वाल्सनचा तो पापुद्रा फाटला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या हृदयधमन्या बांधून पाहिल्या. धमनी बांधली की काही मिनिटांत हृदय थांबे. त्यावरून एक समजूत घट्ट झाली: माणसाची हृदयधमनी अचानक बंद पडली, तर तो जागच्या जागी मरणार. मग अशा माणसावर उपचार करायचा प्रश्नच कुठे येतो? धमनीतली गुठळी ही शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहायची चीज होती. रुग्णाच्या खाटेशी उभं राहून तिचा विचार करण्याचं कुणाला कारण नव्हतं.

ही समजूत मोडायला दोन ठिकाणांहून सुरुवात झाली. १९१० मध्ये कीव्हच्या ओब्राझ्तसॉव्ह आणि स्त्राझेस्को या दोन डॉक्टरांनी हा आजार जिवंत रुग्णात ओळखता येतो असं दाखवलं. दोन वर्षांनी शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी तेच अधिक ठामपणे मांडलं. त्यांच्या निबंधातला मुख्य रुग्ण ५५ वर्षांचा एक बँकर. जेवून तासभर झाला असेल-नसेल, तोच छातीच्या खालच्या भागात भयंकर वेदना सुरू झाल्या. उलटी झाली. नाडी जलद, आवाज क्षीण, अंग थंडगार. पोटाचाच काही आजार असावा, असंही कुणाला वाटलं असतं. पण हा माणूस शुद्धीवर होता आणि तो ५२ तास जगला. नंतर लुडविग हेक्टोएन यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा डाव्या धमनीत, उगमापासून जवळच, लाल गुठळी बसलेली सापडली.

बावन्न तास. हेरिक यांचा सगळा युक्तिवाद या आकड्यावर उभा होता. धमनी पूर्ण बंद होऊनही माणूस दोन दिवस जगत असेल, तर दुसरा एखादा आठवडाभर जगेल, तिसरा बराही होईल. आणि मग डॉक्टरला करण्यासारखं काहीतरी उरतं. १९१२ च्या डिसेंबरात निबंध छापून आला आणि त्याकडे जवळपास कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुर्लक्ष संपलं ते त्या दशकाच्या अखेरीस, ईसीजीचं यंत्र हाती आल्यावर. बंद धमनीची खूण कागदावरच्या रेषेत दिसू लागली आणि पुढच्या दोन दशकांत 'करोनरी थ्रॉम्बॉसिस', म्हणजे हृदयधमनीतली गुठळी, हेच हार्ट अटॅकचं रूढ नाव झालं.

कथा इथेच संपायला हरकत नव्हती. पण नाव रूढ झालं आणि पुरावा मात्र कच्चाच राहिला.

पॅथॉलॉजिस्ट मृतांच्या धमन्या उघडत होते, आणि गुठळी त्यांना दरवेळी सापडत नव्हती. काही पाहण्यांत निम्म्याच हृदयांत सापडली, काहींत त्याहूनही कमी. त्यातही एक विचित्र गोष्ट दिसत होती. दुखायला लागल्यावर काही मिनिटांतच मेलेल्यांच्या धमनीत गुठळी क्वचित आढळे; काही तास किंवा दिवस काढून मेलेल्यांत मात्र ती बरेचदा असे. मग काही जाणकारांनी सरळ प्रश्न केला: गुठळी हे कारण असेल, तर ती लवकर मेलेल्यांत का नाही? उलट असं तर नसेल, की हृदयाचा स्नायू आधी मरतो, त्यामुळे धमनीतला प्रवाह मंदावतो आणि साचलेलं रक्त मग गोठतं? म्हणजे गुठळी हा झटक्याचा परिणाम. १९७२ मध्ये अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट विल्यम रॉबर्ट्स यांनी हे मत जोरदारपणे मांडलं. पुढच्या वर्षी स्टॉकहोमहून आलेल्या एका प्रयोगाने त्याला धार चढली. तिथे दाखल झालेल्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेलं फायब्रिनोजेन टोचलं होतं. फायब्रिनोजेन म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन. रुग्ण पुढे दगावले, तेव्हा ती खूण त्यांच्या धमनीतल्या गुठळीत सापडली. खूण टोचली दाखल झाल्यानंतर. म्हणजे गुठळीही नंतरचीच, असा अर्थ काढला गेला.

त्या काळच्या डॉक्टरांना आज हसणं सोपं आहे, पण युक्तिवाद वरवर बिनतोड होता. त्यातली भोकं नंतर उघडी पडली. मिनिटांत मरणारे लोक बहुधा हृदयाची लय बिघडल्याने मरतात. स्नायू मरायला तेवढा वेळच मिळालेला नसतो. दोन वेगळ्या घटना एकाच यादीत घातल्या गेल्या होत्या. शिवाय गुठळी काही दगड नव्हे. ती वाढते, विरघळते, तिची शेपटी प्रवाहाबरोबर लांबत जाते. ग्लासगोच्या फुल्टन यांनी तशाच खूण लावलेल्या गुठळ्या बारकाईने तपासल्या, तेव्हा खूण शेपटीत आणि कडेला सापडली. गाभा कोरा होता. स्वीडिश प्रयोगाने मोजली होती ती नंतर वाढलेली शेपटी.

तरी वाद मिटेना. दोन्ही बाजूंचा पुरावा मेलेल्या माणसांकडूनच येत होता, आणि मृत्यूच्या आधी धमनीत काय चाललं होतं हे प्रेताला विचारता येत नाही. हवी होती ती झटका चालू असतानाची धमनी. अँजिओग्राफी १९५८ पासून होती, पण नुकताच झटका आलेल्या रुग्णाच्या हृदयात नळी घालणं म्हणजे त्याला मारणं, असा सर्वसाधारण समज होता.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन या मध्यम आकाराच्या शहरातल्या डॉक्टरांनी हा समज मानला नाही. झटका आलेल्या रुग्णाची पहिल्या काही तासांतच बायपास शस्त्रक्रिया करायची, असा तिथला शिरस्ता पडला होता, आणि शस्त्रक्रियेआधी धमन्यांचं चित्र तर लागणारच. त्यामुळे मार्कस डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे असा साठा जमला जो मोठमोठ्या विद्यापीठांकडेही नव्हता: झटक्यानंतर २४ तासांच्या आत अँजिओग्राफी झालेले ३२२ रुग्ण. हा अहवाल ऑक्टोबर १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिल्या चार तासांत तपासलेले १२६ रुग्ण होते. त्यांपैकी ११० जणांची, म्हणजे ८७ टक्के लोकांची धमनी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांच्या दरम्यान तपासलेले ५७ होते. त्यांत ३७ जणांची, म्हणजे ६५ टक्क्यांची बंद. या दोन आकड्यांमधला उतार हाच वादाचा निकाल आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. गुठळी हा झटक्याचा परिणाम असता, तर सुरुवातीला थोड्या धमन्या बंद दिसल्या असत्या आणि तास जातील तसा आकडा चढला असता. प्रत्यक्षात तो सुरुवातीलाच सर्वांत मोठा होता आणि हळूहळू उतरला. शरीर स्वतःच काही गुठळ्या विरघळवत होतं. उशिरा पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना त्या दरवेळी का सापडत नव्हत्या, याचंही उत्तर त्यात मिळालं.

धमनी नुसती आकसून बंद झाली असेल, अशी एक पळवाट उरत होती. तीही बुजली. चित्रात गुठळीसारखं काही दिसलेल्या ५९ जणांच्या धमनीत शस्त्रक्रियेच्या वेळी टोकाला छोटा फुगा असलेली नळी घालून मागे ओढली गेली. ५२ जणांतून गुठळी हाती आली.

गुठळी आधी, झटका नंतर. पण गुठळी तरी त्याच जागी, त्याच दिवशी का व्हावी?

याचं उत्तर शोधायला पुन्हा मृतांकडेच जावं लागलं, फक्त या वेळी पाहण्याची पद्धत बदलली. गुठळीखालच्या भेगा १९६६ मध्येच व्हँकुव्हरच्या कॉन्स्टँटिनिडीस यांनी दाखवल्या होत्या. पण भेग फार लहान असते. धमनीचे दोन-चार काप घेऊन पाहिलं, तर ती दोन कापांच्या मधोमध निसटते. पाव कापताना दर दोन इंचांवर सुरी चालवली तर आतला एखादा बेदाणा सापडेलच असं नाही, तसंच हे. १९८३ मध्ये एर्लिंग फाल्क या डॅनिश पॅथॉलॉजिस्टने ४७ मृतांच्या धमन्यांचे एकापाठोपाठ एक असे असंख्य बारीक काप घेतले. बहुतेक गुठळ्यांच्या मुळाशी फाटलेला प्लाक होता. थोर्वाल्सनच्याच देशात, १३९ वर्षांनी. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या मायकेल डेव्हिस यांनी अचानक मेलेल्या १०० जणांच्या धमन्यांमधून त्याच प्रकारचं चित्र मांडलं. (याच हॉस्पिटलात १७९३ मध्ये जॉन हंटर हा विख्यात शल्यविशारद, छातीच्या दुखण्याचा जुना रुग्ण, सहकाऱ्यांशी झालेल्या वादानंतर कोसळून मेला होता.)

या आणि नंतरच्या कामातून जो क्रम उभा राहिला, तो असा. चरबीच्या लगद्याकडे आकर्षित होऊन पांढऱ्या पेशी धमनीच्या भिंतीत शिरतात आणि चरबी गिळून फुगतात. याच पेशी पापुद्र्याचे तंतू कुरतडणारी विकरं सोडतात. दुरुस्ती करणाऱ्या स्नायूपेशी तिथे कमी झालेल्या असतात, त्यामुळे झीज भरून निघत नाही. पापुद्रा पातळ होत जातो. फाटलेल्या प्लाकांत त्याची जाडी साधारण ६५ मायक्रॉनपेक्षा कमी आढळते. माणसाचा केस त्याच मापाचा असतो. फाटतो तो बहुधा कडेला, जिथे प्लाक निरोगी भिंतीला टेकतो, कारण ताण तिथे एकवटतो आणि पांढऱ्या पेशींची गर्दीही तिथेच जास्त असते. निमित्त क्षुल्लक असू शकतं: रक्तदाबाची उसळी, श्रम, संताप. सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात झटके अधिक येतात, हे १९८५ मध्ये आकडेवारीने दिसलं. उठल्यावर रक्तदाब आणि नाडी चढते, प्लेटलेटही अधिक चिकट होतात.

पापुद्रा फाटला की रक्ताचा त्या पेजेशी पहिल्यांदाच संबंध येतो. रक्ताच्या दृष्टीने हे कापलेल्या बोटापेक्षा वेगळं नाही. उघड्या तंतूंना प्लेटलेट चिकटतात, चिकटल्यावर थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून आणखी प्लेटलेटना बोलावतात आणि एकमेकींत गुंतून पांढरट गोळा करतात. लगद्यात गोठण्याची साखळी सुरू करणारा घटक ठासून भरलेला असतो. त्यातून फायब्रिनचं जाळं विणलं जातं. धमनीची पोकळी जेमतेम दोन-चार मिलिमीटरची. ती बुजली की प्रवाह थांबतो, आणि थांबलेल्या रक्तात लाल शेपटी वाढते. बोटावर जीव वाचवणारी यंत्रणा इथे जीव घेते. पण हे नेहमी एका दमात होत नाही. फाल्क यांना काही गुठळ्यांत वेगवेगळ्या वयाचे थर दिसले, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. गुठळी काही दिवस वाढत, तुटत, पुन्हा वाढत असते. झटक्याआधी आठवडाभर छातीत येऊन-जाऊन दुखत होतं असं रुग्ण सांगतो, त्याचा एक अर्थ हा.

धमनीपुढचा स्नायू लगेच मरत नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये दाखवलं की मरण हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेर सरकत जातं. चाळीस मिनिटांनी धमनी उघडली तर भिंतीचा बराच भाग वाचतो, सहा तासांनी उघडली तर फारच थोडा. कुत्र्याचं घड्याळ माणसाला तंतोतंत लागू नाही, पण लाट सरकते हे खरं.

आता उपचार काय असावा हे उघड होतं. गुठळी कारण असेल आणि स्नायू तासांच्या हिशेबाने मरत असेल, तर गुठळी विरघळवायची. औषध नवीन नव्हतं. स्ट्रेप्टोकायनेज हे जिवाणूपासून मिळणारं प्रथिन १९३३ पासून माहीत होतं आणि १९५० च्या दशकात झटक्यात वापरूनही पाहिलेलं होतं. पण गुठळी हा नुसता परिणाम असं मानल्यावर ते मागे पडलं होतं. चुकीच्या समजुतीची किंमत कुठे मोजायची असेल तर इथे मोजावी. १९८६ मध्ये इटलीतल्या १७६ हृदयविभागांनी मिळून सुमारे ११,७०० रुग्णांचा निकाल दिला: शिरेतून १५ लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्यांत २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत तर मृत्यू जवळपास निम्मे झाले. दोन वर्षांनी १७,१८७ रुग्णांच्या आणखी मोठ्या प्रयोगात साधी अ‍ॅस्पिरिन जवळपास तेवढीच गुणकारी ठरली. थ्रॉम्बॉक्सेन बनणंच ती रोखते, म्हणजे प्लेटलेटची हाक बंद करते. दोन्ही औषधं मिळून पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. (याच प्रयोगाच्या लेखकांनी रुग्णांची राशींनुसार विभागणी करून मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा होत नाही असंही दाखवलं. आकड्यांचे फार तुकडे केले की काय निघतं, हे संपादकांना समजावं म्हणून.) आज गुठळी विरघळवण्याऐवजी शक्य तिथे थेट अँजिओप्लास्टी करतात, पण तर्क तोच.

त्याच वर्षी, १९८८ मध्ये, एक अवघड गोष्ट पुढे आली. विल्यम लिटल आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण शोधले ज्यांची अँजिओग्राफी झटक्याच्या आधीही झालेली होती. नंतर बंद पडलेल्या २९ धमन्यांची जुनी चित्रं काढून पाहिली, तेव्हा त्यांपैकी १९ ठिकाणी आधी ५० टक्क्यांपेक्षा कमी अडथळा होता. अशा धमनीतून रक्त बिनबोभाट वाहतं, छातीत दुखत नाही, ट्रेडमिलवर चालवलं तरी ईसीजी बिघडत नाही. "मागच्याच महिन्यात टेस्ट नॉर्मल आली होती हो," असं कुटुंबातले लोक म्हणतात, ते अनेकदा शब्दशः खरं असतं. चाचणी अरुंदपणा मोजते. पापुद्र्याची जाडी ती पाहतच नाही.

हे फाल्क यांच्या निष्कर्षाशी मात्र जुळत नव्हतं. त्यांना मृतांत फाटलेले प्लाक चांगलेच अरुंद जागी सापडले होते. मेळ बसतो तो असा. लिटल यांच्या जुन्या चित्रांत आणि झटक्यात काळ गेला होता, आणि मधल्या काळात प्लाक वाढलेला असू शकतो. तो कसा वाढतो, हेही फाल्क यांच्याच मोजणीत होतं. त्यांना सापडलेल्या शंभरावर भेगांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी धमनी बंद झालेलीच नव्हती. भेग पडली, थोडं रक्त आत शिरलं, वर छोटी गुठळी बसली आणि जखम भरून आली. प्लाक मात्र त्या एका उडीत जाड झाला. बहुतेक भेगांचा त्या माणसाला पत्ताही लागत नाही.

शिवाय सगळे झटके भेगेमुळे येतात असंही नाही. साधारण पाव ते एकतृतीयांश घटनांत पापुद्रा शाबूत असतो. फक्त त्यावरचं पेशींचं अस्तर खरवडून निघालेलं असतं आणि गुठळी त्यावरच धरते. तरुण स्त्रियांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत हा प्रकार अधिक दिसतो.

पातळ पापुद्र्याचा प्लाक आता जिवंत माणसात, धमनीच्या आतून शोधता येतो. मग तो फाटायच्या आतच त्याचा बंदोबस्त का करू नये? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ७०० रुग्णांच्या तिन्ही मुख्य धमन्या आतून तपासून असे जवळपास ६०० प्लाक नोंदवले होते. त्यांच्यावर तीन वर्षांहून अधिक काळ नजर ठेवली. त्या ६०० पैकी पुढे त्रास दिला २६ प्लाकांनी, आणि त्यातही बहुतेकांनी पुरता झटका न देता दुखणं वाढवून रुग्णाला पुन्हा दवाखान्यात आणलं, इतकंच. बाकीचे का फाटले नाहीत, हे त्या चित्रांत दिसत नव्हतं.